बोट हलण्यापूर्वीचा अर्धा सेकंद

आरामखुर्चीत बसायचं, हात सैल सोडायचा आणि मनात येईल तेव्हा मनगट झटक्यात हलवायचं. कधी हलवायचं हे आधी ठरवून ठेवायचं नाही. वाटलं की हलवायचं, बस्स. एवढीशी कृती करायला लावणारा एक प्रयोग १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि माणसाला इच्छास्वातंत्र्य आहे की नाही हा तत्त्वज्ञांचा वाद प्रयोगशाळेत आला. ‘मेंदू आधी ठरवतो, आपल्याला नंतर कळतं’ हे वाक्य तेव्हापासून पुस्तकांत, भाषणांत आणि बातम्यांत फिरतं आहे.

या वाक्याचा सगळा भार एका आलेखावर आहे. हालचालीच्या आधी मेंदूतला विद्युत्-संकेत हळूहळू वर चढताना दाखवणारी ती एक रेषा. तिचं नाव ‘रेडिनेस पोटेन्शियल’. आपण तिला तयारीचा संकेत म्हणू. ही रेषा कशी तयार होते ते एकदा नीट पाहिलं, की तिच्यावरून काय म्हणता येतं आणि काय म्हणता येत नाही, हे बरंचसं आपोआप उलगडतं.

टेप उलटी फिरवली तेव्हा

ही रेषा पहिल्यांदा दिसली ती जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहरात, १९६४ मध्ये. हान्स हेल्मुट कोर्नहुबर आणि त्यांचा डॉक्टरेट करणारा विद्यार्थी ल्यूडर डेके यांना माणसाच्या स्वेच्छेने केलेल्या हालचालींचा अभ्यास करायचा होता. त्या काळी बहुतेक प्रयोग उलट दिशेने चालत. बाहेरून दिवा लावायचा किंवा आवाज करायचा आणि त्यानंतर मेंदूत काय होतं ते पाहायचं. स्वेच्छेच्या हालचालीत असा बाहेरचा इशाराच नसतो. मग मोजायला सुरुवात कुठून करायची?

अडचण आणखी एक होती. डोक्याच्या कातडीवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडमधून येणारा ईईजीचा संकेत अखंड वरखाली होत असतो. ही खळबळ सहज काही दशक मायक्रोव्होल्टची असते. आपल्याला हवा असलेला संकेत मात्र जेमतेम पाच-दहा मायक्रोव्होल्टचा. एका हालचालीच्या नोंदीत तो डोळ्यांना दिसत नाही. त्यावर उपाय सरासरीचा. तीच हालचाल पुन्हा पुन्हा करायला लावायची, सगळ्या नोंदी एकमेकींवर ठेवायच्या आणि प्रत्येक क्षणाची सरासरी काढायची. हालचालीशी संबंध नसलेली खळबळ कधी वर, कधी खाली असल्यामुळे सरासरीत खोडली जाते. दर वेळी तिथेच असणारा संकेत तेवढा उरतो. चाळीस नोंदींची सरासरी काढली, तर ही खळबळ साधारण सहापट कमी होते.

पण नोंदी एकमेकींवर ठेवायच्या तर सगळ्यांत समान असा एक क्षण लागतो. कोर्नहुबर आणि डेके यांनी तो क्षण स्नायूकडून घेतला. ईईजी आणि स्नायूचा विद्युत्-संकेत दोन्ही चुंबकीय टेपवर नोंदवायचे आणि नंतर टेप उलटी चालवायची. स्नायू आकुंचन पावला तो क्षण शून्य आणि तिथून मागे मागे जात सरासरी काढायची. १९६५ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला: हालचालीच्या एक सेकंद किंवा त्याहूनही आधीपासून, माथ्याच्या मध्यभागी, विद्युत्-दाब सावकाश ऋण दिशेने झुकत जातो आणि हालचालीच्या जवळ ही चढण तीव्र होते. ईईजीच्या आलेखात ऋण बाजू वर काढायची पद्धत असल्यामुळे ती रेषा चढताना दिसते.

ही कृती लक्षात ठेवायला हवी, कारण पुढचा सगळा वाद तिच्यात दडलेला आहे. रेषा एका हालचालीची नसून अनेक हालचालींच्या सरासरीची आहे. ती हालचालीच्या क्षणाला बांधून मागे मोजलेली आहे. आणि हालचाल झाली त्याच वेळांच्या नोंदी तिच्यात आहेत. मेंदूतला संकेत तसाच चढला पण हालचाल झालीच नाही, अशा वेळा असतील तर त्या या सरासरीत येऊच शकत नाहीत, कारण त्यांना शून्याचा क्षणच नाही.

लिबेट यांचं घड्याळ

फ्रायबुर्गच्या प्रयोगाने एक साधा प्रश्न उभा केला. तयारी जर इतकी आधी सुरू होत असेल, तर ‘आता हलवू’ ही इच्छा आपल्याला कधी जाणवते? सॅन फ्रान्सिस्कोमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात बेंजामिन लिबेट यांनी ती वेळ मोजायचं ठरवलं.

जाणिवेची वेळ बाहेरून मोजता येत नाही, माणसाला विचारावी लागते. पण ‘वाटताक्षणी सांगा’ म्हणावं तर सांगणं हीच आणखी एक हालचाल होते. लिबेट यांनी त्यातून वाट काढली. समोर ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर प्रकाशाचा एक ठिपका गोल फिरत असे. कडेला घड्याळासारखे आकडे होते, पण ठिपका एक फेरी ६० सेकंदांऐवजी २.५६ सेकंदांत पूर्ण करी. म्हणजे तबकडीवरच्या एकेका ‘सेकंदा’चं अंतर प्रत्यक्षात सुमारे ४३ मिलिसेकंदांचं. सहभागी माणसाने ठिपक्याकडे पाहत राहायचं, मनात येईल तेव्हा मनगट हलवायचं आणि हलवण्याची ऊर्मी पहिल्यांदा जाणवली तेव्हा ठिपका कुठे होता, ते नंतर सांगायचं. अशा चाळीस हालचालींची एक मालिका.

निष्कर्ष तीन आकड्यांत मांडता येतो. स्नायू आकुंचन पावला तो क्षण शून्य. ऊर्मी जाणवल्याची सांगितलेली वेळ सरासरी २०० मिलिसेकंद आधीची. आणि आधी काहीही न योजता केलेल्या हालचालींत तयारीचा संकेत चढू लागला तो सुमारे ५५० मिलिसेकंद आधी. म्हणजे संकेत आणि जाणीव यांत साधारण ३५० मिलिसेकंदांचं, एका सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याचं अंतर पडलं.

लिबेट यांचा अर्थ असा की कृतीची सुरुवात मेंदू नकळत करतो आणि जाणीव नंतर येते. मात्र त्यांनी स्वतः इच्छास्वातंत्र्य निकालात काढलं नव्हतं. जाणीव झाल्यानंतर कृती रोखायला अजून दीड-दोनशे मिलिसेकंद उरतात, तेव्हा ‘नको’ म्हणण्याचा अधिकार माणसाकडे राहतो, असं त्यांचं म्हणणं होतं. ‘इच्छास्वातंत्र्य हा भ्रम आहे’ हा निकाल त्यांच्या प्रयोगावरून पुढे इतरांनी काढला.

सांगितलेल्या वेळेवर किती भरवसा

दुसऱ्या आकड्यापासून, म्हणजे त्या २०० मिलिसेकंदांपासून सुरुवात करू. तबकडीवर हे अंतर पाच खुणांपेक्षाही कमी आहे. फिरत्या ठिपक्याची जागा आणि मनातली अंधूक ऊर्मी यांची सांगड घालून माणूस ही वेळ सांगतो, तीही हालचाल झाल्यावर, आठवून. लिबेट यांना ही अडचण ठाऊक होती. म्हणून त्यांनी कधीकधी हातावर हलकासा विद्युत्-स्पर्श देऊन त्याची वेळ सांगायला लावली. ती प्रत्यक्षाहून सुमारे ५० मिलिसेकंद आधीची येत असे. प्रत्यक्ष हालचाल कधी केली असं विचारलं, तर तीही लोक स्नायू हलण्याच्या आधीचीच सांगत.

पुढे विल्यम बँक्स आणि ईव्ह आयशम यांनी २००९ मध्ये अधिक नेमकी तपासणी केली. सहभागींनी बटण दाबल्यावर एक बीप वाजायचा. तो बटण दाबल्याच्या क्षणीच वाजतो आहे असं वाटावं, पण प्रत्यक्षात काही मिलिसेकंद उशिरा वाजावा, अशी रचना होती. बीप जितका उशिरा वाजला, तितकी लोकांनी सांगितलेली ‘निर्णयाची’ वेळही पुढे सरकली. निर्णय तर बीपच्या आधीच होऊन गेलेला. नंतर ऐकलेल्या आवाजाने त्याची वेळ बदलत असेल, तर माणूस ती वेळ पाहून सांगत नाही, आजूबाजूच्या खुणांवरून नंतर जुळवतो.

म्हणून जाणीव नेमकी २०० मिलिसेकंद आधी आली, असं ठामपणे म्हणता येत नाही. पण ही टीका एकटी पुरेशी नाही. सांगितलेली वेळ शंभर मिलिसेकंदांनी इकडेतिकडे झाली, तरी ३५० मिलिसेकंदांची दरी भरून निघत नाही. खरा प्रश्न त्या ५५० चा आहे. रेषा चढू लागते तेव्हा मेंदूत निर्णय झालेला असतो का?

रेषा चढते म्हणजे काय होतं

या प्रश्नाला नवं वळण दिलं आरॉन शर्गर, जॅकोबो सिट आणि स्टानिस्लास देआन यांनी, २०१२ मध्ये. त्यांचा विचार असा: मेंदूत कुठलीही चेताजाल-व्यवस्था स्वस्थ नसते. ‘हालचाल करावी’ या दिशेची सक्रियता आपोआप कमीजास्त होत राहते. ती एका ठराविक उंबरठ्याच्या वर गेली की हालचाल सुटते. परीक्षेत प्रश्न दिला, गाडी अंगावर आली, तर भक्कम कारणामुळे सक्रियता सरळ उंबरठ्यापलीकडे जाते. लिबेट यांच्या खुर्चीत मात्र कुठलंच कारण नाही. ‘कधीही हलवा, पण आधी ठरवू नका’ या सूचनेमुळे सक्रियता उंबरठ्याच्या थोडी खाली तरंगत राहते आणि नेमक्या कुठल्या क्षणी तो ओलांडला जाईल हे योगायोगाच्या चढउतारांवर अवलंबून राहतं.

तळाला बारीक भोक असलेलं पिंप डोळ्यांपुढे आणा. नळाची बारीक धार सतत चालू आहे. पाणी जितकं उंच, तितकी गळती जास्त. त्यामुळे एका उंचीला भरणं आणि गळणं सारखं होतं आणि पाणी तिथे स्थिरावू पाहतं. त्यात कुणीतरी पिंपाला सतत लहानमोठे हिसके देतं आहे. पाणी कडेवरून सांडलं की ती झाली हालचाल. शर्गर यांच्या प्रारूपात या तिन्हींना आकडे आहेत: धार ०.११, गळती पातळीच्या ०.५ पट. म्हणजे पातळी स्थिरावते ती ०.११ भागिले ०.५, अर्थात ०.२२ वर. उंबरठा साधारण ०.३ चा, आणि हिसक्यांमुळे पातळी ०.२२ च्या आसपास सरासरी ०.१ इतकी वरखाली होते. उंबरठा त्या टप्प्यात आहे, म्हणून तो कधी ना कधी ओलांडला जातोच, पण कधी ते आधी ठरलेलं नसतं.

आता सरासरी काढू या. संगणकावर हे हजारो वेळा चालवा. प्रत्येक वेळी पाणी सांडलं तो क्षण शून्य धरा आणि कोर्नहुबर-डेके यांच्यासारखी टेप मागे फिरवा. सांडण्याच्या क्षणी पातळी नेहमीच ०.३ असणार, कारण तो क्षण आपणच तसा निवडला आहे. बराच मागे गेलं तर ती ०.२२ च्या आसपास असणार. मधल्या काळात काय? पातळी एका क्षणात उडी मारत नाही. गळतीचा वेग ०.५ म्हणजे जास्तीची पातळी ओसरायला सुमारे दोन सेकंद लागतात आणि तितक्याच सावकाशीने ती साचलेलीही असते. त्यामुळे सरासरी रेषा सेकंदभर आधीपासून हळूहळू आणि शेवटी झपाट्याने चढते. शर्गर यांनी ती प्रत्यक्ष ईईजीच्या रेषेशेजारी ठेवली, तेव्हा दोन्हींचा आकार जुळला.

आणि या प्रारूपात ५५० मिलिसेकंद आधी कुणी काही ठरवलेलं नाही. त्या क्षणी पातळी किंचित वर असते इतकंच. तशी ती याआधीही अनेकदा वर आली आणि पुन्हा खाली गेली, पण त्या वेळा आपल्या सरासरीत आल्या नाहीत. निर्णयाचा क्षण म्हणावा असा एकच क्षण इथे आहे, उंबरठा ओलांडण्याचा. तो हालचालीच्या जेमतेम एकदोन दशांश सेकंद आधी येतो, म्हणजे लोक ऊर्मी जाणवल्याची जी वेळ सांगतात तिच्या अगदी जवळ.

हे खरं कशावरून?

आकार जुळला म्हणून कारण तेच, असं होत नाही. दुसऱ्या एखाद्या कारणानेही तशीच रेषा मिळू शकते. म्हणून शर्गर आणि सहकाऱ्यांनी प्रारूपातून एक भाकीत काढलं. पातळी खरोखरच आपोआप तरंगत असेल, तर मध्येच अवचित ‘आता दाबा’ असा इशारा दिल्यावर, त्या वेळी पातळी वर असलेली माणसं लवकर दाबतील आणि खाली असलेली उशिरा. त्यांनी तसाच प्रयोग केला. लोक मनाला येईल तेव्हा बटण दाबायच्या तयारीत बसले असताना कधीतरी एक क्लिक वाजे आणि तो ऐकताच शक्य तितक्या लवकर बटण दाबायचं असे. क्लिक कधी वाजेल ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तरीही ज्या वेळी प्रतिसाद जलद आला, त्या वेळी क्लिकच्या आधीच ईईजी ऋण दिशेला अधिक झुकलेला आढळला. हा झुकाव क्लिकची तयारी असूच शकत नाही. तो आपोआप चाललेला चढउतार होता.

दुसरी तपासणी बर्लिनमधली, २०१६ ची. मॅथियास शुल्त्झ-क्राफ्ट, जॉन-डिलन हेन्स आणि सहकाऱ्यांनी संगणकाला प्रत्येकाचा तयारीचा संकेत ओळखायला शिकवलं. मग खेळ मांडला: हिरवा दिवा असताना मनाला येईल तेव्हा पायाने बटण दाबायचं, दिवा लाल झाला तर थांबायचं. संगणक तयारीचा संकेत चढताना दिसला की दिवा लाल करी. संकेत म्हणजे झालेला निर्णय असता, तर माणसं थांबू शकली नसती. पण ती थांबली. हालचालीच्या सुमारे २०० मिलिसेकंद आधीपर्यंत लाल दिवा लागला, तर कृती रद्द करता येत होती. त्यानंतर मात्र पाय निदान हलू लागत असे. परतीची वाट बंद होते ती इथे, रेषा चढू लागते तिथे नव्हे.

पैसे कुणाला द्यायचे?

हे सगळे प्रयोग मनगट आणि बटणाचे आहेत. आता हलवलं काय किंवा दोन सेकंदांनी हलवलं काय, कुणाचं काही बिघडत नाही. आपण इच्छास्वातंत्र्याबद्दल बोलतो तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे नोकरी सोडणं, लग्न करणं, खोटं न बोलणं अशा गोष्टी असतात, ज्यांच्यामागे कारणं असतात.

उरी माओझ, लिआद मुद्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये नेमका हा फरक प्रयोगात आणला. सहभागींना एका वेळी दोन सेवाभावी संस्था दाखवल्या जात आणि डावं किंवा उजवं बटण दाबून एक निवडायची असे. काही फेऱ्यांत निवडीला अर्थ होता: निवडलेल्या संस्थेला १००० डॉलर मिळण्याची शक्यता होती, दुसरीला काहीच नाही. काही फेऱ्यांत नव्हता: कुठलंही बटण दाबलं तरी दोन्ही संस्थांना ५०० डॉलर. हात तोच, बटणं तीच, पडद्यावरचं दृश्यही जवळपास तेच. अर्थहीन फेऱ्यांत तयारीचा नेहमीचा संकेत स्पष्ट दिसला. पैसे खरोखर कुणाला तरी जाणार होते त्या फेऱ्यांत तो जवळजवळ दिसलाच नाही. डावा की उजवा हात हलणार याच्याशी निगडित असलेला, अगदी शेवटचा स्नायूंच्या तयारीचा संकेत मात्र दोन्हीकडे सारखाच होता, म्हणजे यंत्रणा बिघडल्यामुळे रेषा हरवली असं नव्हतं.

पिंपाच्या चित्रात याचा अर्थ लागतो. कारणं भक्कम असतात तेव्हा धारच जोरात येते, हिसक्यांना काही ठरवायला वाव राहत नाही. त्यामुळे हिसक्यांची सरासरी असलेली ती सावकाश चढणही उरत नाही. या एका प्रयोगावर सगळा भार टाकू नये, पण मनगटावरून माणसाच्या मोठ्या निर्णयांकडे उडी मारणाऱ्यांनी आधी याचं उत्तर द्यायला हवं.

मग शिल्लक काय?

इच्छास्वातंत्र्य सिद्ध झालं, असंही यातून निघत नाही. उंबरठा योगायोगाच्या चढउताराने ओलांडला गेला, तर त्या योगायोगाला ‘माझी इच्छा’ म्हणता येत नाही. हिसके मी देत नाही. आणि पुरावे सगळे एकाच बाजूचे नाहीत. इट्झाक फ्रीड आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अपस्माराच्या उपचारासाठी मेंदूत इलेक्ट्रोड बसवलेल्या रुग्णांमध्ये एकेका चेतापेशीची नोंद घेतली. काहीशे पेशींच्या एकत्रित नोंदीवरून, रुग्णाने सांगितलेल्या ऊर्मीच्या क्षणाच्या ७०० मिलिसेकंद आधी, तो क्षण येतो आहे हे ८० टक्क्यांहून अधिक अचूकतेने सांगता आलं. हा एकेका हालचालीवर लागू होणारा निष्कर्ष आहे, केवळ सरासरीतला नाही. पातळी वर असणं हे पुढच्या हालचालीचं लक्षण आहेच, त्यामुळे पिंपाचं चित्रही याच्याशी जुळू शकतं. पण पूर्वलक्षणं नाहीतच, असं कुणी म्हणू नये.

२००८ चा बहुचर्चित एफएमआरआय प्रयोग मात्र आकड्यांसह वाचायला हवा. डावं बटण की उजवं, हे सात ते दहा सेकंद आधी ‘कळलं’ अशी त्याची बातमी झाली. ती अचूकता सुमारे ६० टक्के होती आणि नाणं उडवून ५० टक्के मिळतेच. एका बाजूला झुकाव असणं आणि निवड होऊन गेलेली असणं, यांत पुष्कळ अंतर आहे.

या सगळ्या प्रयोगांनी दोन गोष्टी पक्क्या केल्या. आपल्या कृतीच्या नेमक्या क्षणाची जाणीव विश्वासार्ह साक्षीदार नाही आणि बिनमहत्त्वाच्या हालचालीचा क्षण आपल्याला नकळत चाललेल्या घडामोडींवर बराच अवलंबून असतो. जाणिवेच्या आधी मेंदूत काहीच नसावं, अशी ज्याची इच्छास्वातंत्र्याची कल्पना असेल, त्याची कल्पना इथे टिकत नाही. पण ती कल्पना मुळातच अवास्तव होती. विचारही मेंदूतच चालतो आणि त्यालाही वेळ लागतो.

जे सिद्ध झालेलं नाही तेही तितकंच स्पष्ट आहे. अर्धा सेकंद आधी मेंदूने निर्णय घेतला आणि आपण नुसते प्रेक्षक राहिलो, असं ही रेषा सांगत नाही. जगातली प्रत्येक घटना आधीच्या कारणांनी पूर्णपणे बांधलेली आहे की नाही, याचं उत्तर डोक्यावरच्या इलेक्ट्रोडकडून मिळणारही नाही. प्रयोगशाळेच्या आवाक्यात असलेला प्रश्न वेगळा आहे: माणूस कारणांचा विचार करतो, तेव्हा तो विचार कृती बदलतो का, आणि कुठल्या क्षणापर्यंत बदलू शकतो? बर्लिनच्या लाल दिव्याने आणि संस्थांना द्यायच्या त्या पैशांनी या प्रश्नाला हात घातला आहे. यापुढे ‘मेंदू आधी ठरवतो’ अशी बातमी वाचाल, तेव्हा तीन गोष्टी पाहा: नोंद हालचालीपासून मागे मोजलेली आहे का, हालचाल न झालेल्या वेळा कुठे गेल्या आणि निवडीने कुणाला काही फरक पडत होता का. या तिन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय त्या बातमीवरून स्वतःच्या इच्छेबद्दल निष्कर्ष काढायचं काही कारण नाही.